चेहऱ्याभोवतीची पांढरी कड: नंतर पुसायची की आधीच टाळायची?

आत्याच्या साठीला गच्चीवर काढलेला फोटो मोबाइलवर छान दिसत होता. आठ बाय दहा इंचांची प्रत हातात आली, तेव्हा मात्र काळ्याभोर केसांच्या कडेनं पांढरी रेघ उमटलेली होती. आत्या आकाशावर कात्रीनं कापून चिकटवल्यासारखी वाटत होती. असा फोटो घेऊन बसलेल्या माणसापुढे तीन वाटा असतात. तिन्ही मी वापरल्या आहेत.

आधी दोष ओळखा, कारण ते दोन आहेत. पहिला बारीक रेघेचा. फोटो धारदार दिसावा म्हणून फोन प्रत्येक कडेला उजळ बाजू आणखी उजळ आणि गडद बाजू आणखी गडद करतो. ही रेघ जेमतेम तीन-चार पिक्सेलची असते. बारा मेगापिक्सेलच्या फोटोच्या त्या छापील प्रतीवर ती साधारण पाव मिलिमीटर भरते, आणि डोळ्याला तेवढी पुरते. दुसरा दोष रुंद. सावलीतला चेहरा फोन उजळ करतो तेव्हा डोक्यालगतचं आकाशही उजळतं आणि डोक्याभोवती प्रभावळ दिसते. ती फोटो लहान करून पाहिल्यावर लगेच कळते. बारीक रेघ मात्र मोबाइलवर झूम केल्याशिवाय सापडत नाही.

स्नॅपसीड या फोटो सुधारायच्या मोबाइल ॲपमध्ये पाच मिनिटांत. `Details` मध्ये जाऊन `Structure` उणे २० ते ३० करा. मग `View edits` मधून तोच बदल बोटानं फक्त केसांच्या आणि जबड्याच्या कडेवर फिरवा. सगळ्या चेहऱ्यावर लावलात तर डोळे आणि भुवया मेणाच्या होतात. ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. या उपायानं रेघ फिकी होते, पण जात नाही. फोटो नुसता व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर एवढं पुरेसं आहे.

कॉम्प्युटरवर गिम्प या फोटो सुधारायच्या प्रोग्राममध्ये. छापायचा फोटो असेल तर मी हाच मार्ग धरतो. एका जागेचा नमुना दुसरीकडे उमटवणारं क्लोन टूल घ्या, त्याचा `Mode` हा `Darken only` करा, मऊ ब्रश बारा-पंधरा पिक्सेलचा ठेवा. रेघेच्या वीसेक पिक्सेल बाहेरच्या आकाशावर कंट्रोल दाबून क्लिक करा आणि रेघेवरून ब्रश फिरवा. यातली खुबी मोडमध्ये आहे. नमुन्याच्या आकाशापेक्षा जे उजळ आहे तेवढंच बदलतं, त्यामुळे पांढरी रेघ जाते आणि केसाची बट जशीच्या तशी राहते. आकाशाचा रंग वरून खाली बदलत जातो, म्हणून दर दोन-तीन सेंटिमीटरला नवा नमुना घ्यावा लागतो. तसं केलं नाही तर ठिगळं दिसतात. आत्याच्या फोटोला कानापासून कानापर्यंत चाळीस मिनिटं लागली. अंबाड्यातून सुटलेल्या केसांपाशी घाई केली आणि तिथे पुन्हा करावं लागलं. केस पांढरे आणि मागची भिंत गडद असेल, तर मोड `Lighten only`. रुंद प्रभावळीला मात्र क्लोन चालत नाही. तिथे प्रभावळीपुरतंच आकाश निवडून, निवडीची कड सत्तर-ऐंशी पिक्सेल मऊ करून ते किंचित गडद करायचं. आकाशात ढग असतील तर हेही धड जमत नाही.

काढतानाच टाळणं. अँड्रॉइडवर ओपन कॅमेरा हे मोफत ॲप आहे. त्याच्या सेटिंगमध्ये `Camera API` ला `Camera2 API` निवडलं की `Edge mode algorithm` दिसतो, तो `Off` करायचा. फोनला जमत असेल तर डीएनजी फाइलही घेता येते, म्हणजे सेन्सरवरून आलेला जवळजवळ कच्चा फोटो. अशी बारा मेगापिक्सेलची फाइल पंचवीसेक एमबीची होऊ शकते. ती स्नॅपसीडमध्ये उघडते, तिथे `Structure` शून्यावरच ठेवा. कडा इतक्या स्वाभाविक दुसऱ्या कुठल्याच मार्गानं मिळत नाहीत. पण यात फोन अनेक फोटो एकत्र करत नाही. म्हणून हॉलमधल्या कमी उजेडात दाणे दिसतात, आणि गच्चीवर चेहरा नीट आला तर आकाश पांढरं पडतं.

म्हणून आत्याला पुन्हा उभं करता आलं असतं, तर मी तिला आकाशाकडे पाठ करून उभं केलं नसतं. भिंतीजवळच्या सावलीत ओपन कॅमेऱ्यानं फोटो काढला असता. ती सोय नव्हती, म्हणून गिम्प.

काही फोनांवर `Off` केलं तरी फरक पडत नाही. ते समारंभाच्या आदल्या दिवशीच पाहून घ्या: खिडकीच्या गजांचा, मागे उजेड ठेवून, एक फोटो नेहमीच्या सेटिंगवर आणि एक `Off` वर काढा, आणि दोन्हींतल्या गजांच्या कडा झूम करून बघा. दोन्हीकडे तीच पांढरी रेघ असेल, तर तुमच्या फोनवर डीएनजीच घ्यावी लागेल.