किमतींचा तक्ता: −3 ते 3 घ्यावा की मध्यरेषेभोवती?

y = x² − 5x + 3 चा आलेख काढायला बसलेली बहुतेक मुलं वहीत आधी −3, −2, −1, 0, 1, 2, 3 लिहून मोकळी होतात. ही सवय रेषीय समीकरणांतून लागते. तिथे x ची कोणतीही किंमत चालते, कारण दोन बिंदू मिळाले की रेषा ठरते. वर्गाच्या आलेखाला मात्र वळण असतं, आणि ते कुठे आहे हे आधी पाहिलं नाही तर तक्त्यातून निसटू शकतं.

नेहमीचा तक्ता असा येतो:

| x | −3 | −2 | −1 | 0 | 1 | 2 | 3 |
|---|---|---|---|---|---|---|---|
| y | 27 | 17 | 9 | 3 | −1 | −3 | −3 |

सगळ्या किमती बरोबर आहेत, तरी आलेख अर्धाच आहे. डावी बाजू उंच चढते आणि उजवी सुरू व्हायच्या आत तक्ता संपतो. शेवटचे दोन बिंदू एकाच पातळीवर असल्याने त्यांना पट्टीने जोडायचा मोह होतो आणि वक्राचा तळ सपाट दिसतो. वक्र X-अक्षाला एकदाच, 0.7 च्या आसपास छेदतो. दुसरं मूळ 4.3 च्या जवळ आहे, ते कागदावर येतच नाही.

प्रमाणाचाही प्रश्न आहे. y −3 पासून 27 पर्यंत जातो. 1 सेमी = 1 एकक घेतलं तर 30 सेमी उंची लागेल, आणि A4 कागदच 29.7 सेमीचा. म्हणून 1 सेमी = 2 एकक घ्यावं लागतं आणि जिथे बारकाईने बघायचं तिथेच आकृती दाबली जाते.

दुसऱ्या पद्धतीत आधी वक्राचा मध्य शोधायचा. सूत्र आठवत असेल तर x = −b/2a. नसेल तर मला आवडणारी वाट अशी: y = 3 कधी होतो ते बघा. x² − 5x = 0, म्हणजे x(x − 5) = 0, म्हणून x = 0 किंवा 5. एकाच उंचीवरचे दोन बिंदू मिळाले, त्यांच्या बरोबर मधे 2.5. आता तक्ता तिथून दोन्हीकडे पसरवा:

| x | −1 | 0 | 1 | 2 | 2.5 | 3 | 4 | 5 | 6 |
|---|---|---|---|---|---|---|---|---|---|
| y | 9 | 3 | −1 | −3 | −3.25 | −3 | −1 | 3 | 9 |

y आता −3.25 ते 9 एवढाच आहे. Y-अक्षावर 1 सेमी = 1 एकक आणि X-अक्षावर 2 सेमी = 1 एकक आरामात बसतं. शिरोबिंदू शेजारच्या दोन बिंदूंपेक्षा अडीच मिलिमीटर खाली येतो, म्हणून तळाची गोलाई हाताला कळते. 0.7 आणि 4.3 ही दोन्ही मुळं थेट वाचता येतात.

चूक पकडायलाही हाच तक्ता सोपा, कारण मध्यापासून सारख्या अंतरावर y सारखाच यायला हवा. पण उजवीकडच्या किमती नुसत्या उतरवून काढू नका. मध्य चुकला असेल तर ती चूकही उतरवली जाईल. निदान एक किंमत, समजा x = 6, प्रत्यक्ष घालून बघा: 36 − 30 + 3 = 9.

−3 ते 3 च्या तक्त्यात 2 आणि 3 सोडून अशी जोडी नसते, तरी तिथेही एक तपासणी आहे. लागोपाठच्या y मधले फरक काढा: −10, −8, −6, −4, −2, 0. ते दर वेळी 2 ने, म्हणजे x² च्या सहगुणकाच्या दुपटीने वाढतात. सर्वांत जास्त होणारी चूक (−3)² ला −9 धरण्याची. तसं झालं तर पहिली किंमत 27 ऐवजी 9 येते, पहिला फरक +8 होतो आणि ओळ तिथेच मोडते.

मग निवडायचं कोणतं? प्रश्नातच x ची मर्यादा दिली असेल तर ती पाळायची, निवड उरत नाही. मर्यादा नसेल आणि मध्य पूर्णांकावर किंवा अर्ध्यावर येत असेल, तर मी मध्याभोवतीचाच तक्ता घेईन. x ची पदं अशी असतील की मध्य अडचणीचा अपूर्णांक येतो, तिथे मात्र मी पहिल्या पद्धतीकडे वळतो. y = 3x² − 2x − 4 चा मध्य 1/3 आहे. त्याच्या दोन्हीकडे सारख्या अंतरावर पूर्णांक सापडत नाहीत, आणि अपूर्णांकांचे वर्ग करण्यात वेळ जातो. इथे −2 ते 3 घेतलं की 12, 1, −4, −3, 4, 17 मिळतात. फरक −11, −5, 1, 7, 13, दर वेळी 6 ने वाढणारे, म्हणजे किमती बरोबर आहेत. मग x = 1/3 ला y = −4⅓ हा एकच जादा बिंदू घालायचा आणि वक्र त्यातून वळवायचा.