यूपीआय की कार्ड: 'पैसे भरा' दाबल्यापासून विक्रेत्याला कळेपर्यंत

डोंबिवलीत घरून दिवाळीचा फराळ विकणाऱ्या एका काकूंची वेबसाइट मी सांभाळतो. यंदा त्यांनी विचारलं, "पैसे घ्यायला पहिलं बटण कशाचं ठेवू रे, यूपीआयचं की कार्डाचं?" खर्चापुरतं पाहिलं तर उत्तर सरळ आहे. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर आणि रुपे डेबिट कार्डावर बँकेला द्यायचं शुल्क, म्हणजे एमडीआर, शून्य आहे. वेबसाइटसाठी पैसे स्वीकारून देणारी कंपनी, म्हणजे गेटवे, स्वतःचं सेवाशुल्क लावतो तो भाग वेगळा, पण क्रेडिट कार्डाचा भुर्दंड त्याहून जास्त पडू शकतो. माझा अनुभव मात्र असा की फराळवाल्याची झोप शुल्क उडवत नाही. पैसे आले की नाही हेच कळेनासं झालं की ती उडते, आणि तिथे या दोन वाटा फार वेगळ्या वागतात.

१,२४० रुपयांचा एक डबा घ्या. ग्राहक संध्याकाळी सीएसएमटीहून एक्स्प्रेस गाडीने घरी येतोय. ठाणे सुटल्यावर त्याने बटण दाबलं आणि यूपीआय निवडलं. आपल्या सर्व्हरने गेटवेकडे ऑर्डर नोंदवली, गेटवेने रक्कम आणि संदर्भ क्रमांक भरलेली एक लिंक दिली, त्या लिंकने त्याच्या फोनवरचं यूपीआय ॲप उघडलं. ग्राहक आपल्या पानावरून गेला तो इथेच, आणि पुढचं सगळं त्याच्या ॲपमध्ये आणि बँकांमध्ये घडतं. पिन टाकला. विनंती यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयकडे गेली, एनपीसीआयने त्याच्या बँकेला पैसे वजा करायला सांगितले, ते झाल्यावर घेणाऱ्या बँकेला जमा करायला सांगितले. दोन्हीकडून होकार आला की ग्राहकाच्या ॲपमध्ये हिरवी खूण उमटते आणि १२ अंकी संदर्भ क्रमांक येतो.

तेवढ्यात गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली आणि रेंज गेली. ग्राहक आपल्या पानावर परत आलाच नाही. पैसे गेलेत, पण आपलं पान अजून वाटच पाहतंय.

आता हाच ग्राहक कार्डाने पैसे भरतोय असं समजा. त्याने कार्डाचा नंबर टाकला किंवा नंबराऐवजी साठवलेलं टोकन निवडलं. १ ऑक्टोबर २०२२ पासून खरा नंबर दुकानदाराला स्वतःकडे ठेवता येत नाही. बँकेचं ओटीपीचं पान आलं. ओटीपी बरोबर ठरला की गेटवे मंजुरीची विनंती आपल्या बाजूच्या बँकेमार्फत व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेच्या जाळ्यातून कार्ड देणाऱ्या बँकेकडे पाठवतो. ओटीपीआधी बोगदा आला तर एक पैसाही हललेला नसतो. ओटीपीनंतर आला तरी बऱ्याचदा ब्राउझर परत आल्याशिवाय मंजुरीची विनंतीच निघत नाही. म्हणजे कार्डाची वाट अर्ध्यावर तुटली तर ती बहुधा पैसे न जाता तुटते, यूपीआयची मात्र पैसे जाऊन तुटू शकते.

कार्डात आणखी एक सोय आहे आणि ती फारशी कोणी वापरत नाही. बँकेची मंजुरी म्हणजे रक्कम राखून ठेवणं. ती प्रत्यक्ष उचलायची, ज्याला कॅप्चर म्हणतात, ही त्यानंतरची वेगळी पायरी असते. बहुतेक दुकानं ती आपोआप होऊ देतात. पण काकूंच्या चकल्या संपल्या असतील तर कॅप्चर न करता सोडून देता येतं आणि राखलेली रक्कम ग्राहकाला मोकळी होते. नेहमीच्या यूपीआयमध्ये पैसे एका दमात जातात. नंतर 'माल नाही' म्हणायचं तर रिफंड हा नवा व्यवहार करावा लागतो, आणि पहिल्या व्यवहाराचं शुल्क गेटवे सहसा परत देत नाही.

मग बोगद्यातली ऑर्डर काकूंना कळते कशी? ग्राहक आपल्या पानावर परतला तर त्याच्यासोबत निरोप येतो, पण या निरोपावर ऑर्डर पक्की करू नये. तो येईलच असं नाही, आणि सही तपासली नाही तर खोटाही बनवता येतो. दुसरा निरोप गेटवेचा सर्व्हर थेट आपल्या सर्व्हरला पाठवतो, तो वेबहुक. रेझरपे या गेटवेमध्ये त्यात `payment.captured` असं घटनेचं नाव येतं आणि `X-Razorpay-Signature` या हेडरमध्ये सही येते. ती जुळली, रक्कम जुळली, तरच डबा भरायचा. रक्कम पैशांत येते, १,२४० रुपये म्हणजे `124000`. हे विसरून मी एकदा शंभर पट रकमेची पावती छापली आहे.

आपला सर्व्हर वेळेत उत्तर देत नसेल तर वेबहुक पुन्हा येतो. त्यामुळे एकच निरोप दोनदा आला तरी डबा एकच जाईल अशी नोंद ठेवावी लागते. काही मिनिटांत वेबहुक आलाच नाही तर गेटवेला स्थिती विचारायची. 'अयशस्वी' दिसलेला व्यवहार नंतर यशस्वी झालेला मी पाहिलाय, कारण बँकेचं उत्तरच उशिरा येतं. दिवाळीच्या आठवड्यात एका ग्राहकाने असंच पान अडकलं म्हणून दुसऱ्यांदा पैसे भरले. दोन्ही व्यवहार खरे होते, आणि तेव्हाची आमची मांडणी ब्राउझरच्या परतीवर विसंबून होती, म्हणून काकूंना एकच दिसला. आता अडकलेल्या ऑर्डरवर पान स्पष्ट सांगतं: 'तपासत आहोत, पुन्हा पैसे भरू नका.'

पैसे वजा झाले पण दुकानदाराकडे पुष्टी पोचली नाही, अशा वेळी रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम यूपीआय आणि ऑनलाइन कार्ड दोन्हींना सारखाच आहे: व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत, त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. फोनवर चिडलेल्या ग्राहकाला काकू हेच सांगतात आणि त्याच्याकडून संदर्भ क्रमांक घेतात.

तिसरा पर्याय म्हणजे क्यूआर पाठवायचा आणि स्क्रीनशॉट मागायचा. दहा डब्यांपुरता ठीक आहे, पण स्क्रीनशॉट बनवता येतो, तेव्हा पाहायचं ते आपलं खातं. शंभर डब्यांत तेवढा वेळ राहत नाही.

काकूंच्या यादीतले सहा-सात डबे न्यू जर्सी आणि लंडनहून मागवलेले असतात, पैसे तिकडची मंडळी भरतात आणि डबा इथल्या आईवडिलांकडे जातो. त्यांच्यातल्या ज्यांचं भारतात एनआरई किंवा एनआरओ खातं नाही त्यांना कार्डच लागतं, आणि परदेशी कार्ड ओटीपीशिवायही मंजूर होऊ शकतं. असा व्यवहार 'मी केलाच नाही' म्हणत कार्डधारक काही महिन्यांनीही उलटवू शकतो. म्हणून त्या ऑर्डरची कुरियर पावती आणि डबा मिळाल्याची सही काकू वर्षभर जपतात.

तर काकूंच्या पानावर यूपीआय वर, कार्ड खाली आणि वेबहुक चालू. ज्यांच्याकडे वेबहुक बसवून देणारं कोणी नाही त्यांनी गेटवेची पेमेंट लिंक वापरावी आणि डबा भरण्याआधी त्याच्या डॅशबोर्डवर 'captured' शब्द पाहावा. तो दिसला तरी पैसे खात्यात यायला साधारण एक-दोन कामकाजाचे दिवस जातात, आणि काजूवाल्याला रोख द्यायची असेल तर ते दिवस आधीच धरून ठेवावे लागतात.