बजेट ४के टीव्हीतले आकाशातले पट्टे: ८-बिट+एफआरसी पॅनल दिवाळीपासून वापरतोय, त्याचा अनुभव

दिवाळीच्या सेलमध्ये ४३ इंची ४के टीव्ही घेतला, तीस हजाराच्या आतला. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण या किमतीत थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच मिळतं. आवाज ठीकठाक, अ‍ॅप्स उघडताना अंत बघतो, रिमोट फालतू, हे सगळं बाकीच्या रिव्ह्यूत मिळेलच. मला लिहायचंय ते पट्ट्यांबद्दल, म्हणजे बँडिंग. सूर्यास्ताचा ड्रोन शॉट लागला की आकाशात केशरीपासून जांभळ्यापर्यंत सलग रंग न दिसता कडा असलेले पट्टे दिसायचे, आणि रात्रीच्या सीनमध्ये भिंतीवरच्या सावलीला नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखी वर्तुळं.

बॉक्सवर १.०७ बिलियन कलर्स छापलंय. हा आकडा १० बिटचा, म्हणजे लाल, हिरवा, निळा प्रत्येकाच्या १०२४ पायऱ्या. ८ बिटला प्रत्येकी २५६ पायऱ्या आणि एकूण १ कोटी ६७ लाख रंग. पण स्वस्त टीव्हीत बऱ्याचदा पॅनल ८ बिटचंच असतं आणि मधल्या पायऱ्या एफआरसी म्हणजे फ्रेम रेट कंट्रोलने भासवल्या जातात. समजा १०० आणि १०१ च्या मधली पाव पायरी हवीय, तर पिक्सेल तीन फ्रेम १०० दाखवतो आणि चौथ्या फ्रेमला १०१, डोळा सरासरी काढतो. शेजारचे पिक्सेल हेच वेगवेगळ्या वेळी करतात म्हणून लुकलुक जाणवत नाही. आणि कंपन्या यालाही बिनधास्त १.०७ बिलियन लिहितात, त्यामुळे बॉक्स वाचून काही कळत नाही.

आता पट्टे आकाशातच का, माणसांच्या चेहऱ्यावर किंवा झाडांवर का नाही, तर झाडात शेजारशेजारचे पिक्सेलच इतके वेगळे असतात की एका पायरीचा फरक कुठे लपतो कळतही नाही. आकाश मात्र अख्ख्या स्क्रीनभर हळूहळू बदलतं. डावीकडून उजवीकडे ब्राइटनेस ७५ वरून १०५ वर गेला असं धरा, म्हणजे ८ बिटमध्ये फक्त ३० पायऱ्या आणि त्या ३८४० पिक्सेलवर पसरायच्यात, तर एक पायरी १२८ पिक्सेलची झाली. ४३ इंचीची रुंदी साधारण ९५ सेंमी, म्हणजे तीन सेंमीहून जास्त रुंद एकसारखा पट्टा आणि मग एकदम पुढची पायरी. १० बिटमध्ये तेवढ्याच जागेत १२० पायऱ्या, एकेक ८ मिमीची, आणि दोन पायऱ्यांतला फरक पाव. त्यात आपला डोळा कडा शोधण्यात हुशार, आहे त्यापेक्षा ती ठळक करून दाखवतो.

हेच प्रत्यक्ष बघायला लॅपटॉपवर ffmpeg ने दोन व्हिडिओ फाइली बनवल्या, पहिली ८ बिटची आणि दुसरी १० बिटची, कमांड वेळ बराच खाते पण एकदाच करायचंय:

```
ffmpeg -f lavfi -i "color=black:s=3840x2160:r=25:d=20,format=yuv420p,geq=lum='75+X*30/3840':cb=128:cr=128" -c:v libx265 -crf 8 ramp8.mkv

ffmpeg -f lavfi -i "color=black:s=3840x2160:r=25:d=20,format=yuv420p10le,geq=lum='300+X*120/3840':cb=512:cr=512" -c:v libx265 -crf 8 ramp10.mkv
```

पेनड्राइव्हवर टाकून टीव्हीच्याच प्लेयरमध्ये लावल्या. पहिलीत उभे पट्टे मोजता येतील इतके स्पष्ट, आणि ते दिसणारच, कारण फाइलमध्येच ३० पायऱ्या आहेत. दुसरी सोफ्यावरून सलग दिसली! मग अगदी स्क्रीनला नाक लावून बघितलं तेव्हा करड्याच्या काळपट बाजूला बारीक रवाळ वळवळ दिसली, ती एफआरसीची. मेव्हण्याकडे जरा महागातला टीव्ही आहे, त्याच्या पॅनलच्या डेटाशीटमध्ये सरळ १० बिट लिहिलंय, तिथे त्याच फाइली लावल्या तर वळवळ नव्हती, पण सोफ्यावरून दोन्ही टीव्ही सारखेच. मेव्हणा जरा हिरमुसला.

मग माझ्याकडे पट्टे येत होते कुठून, तर निम्मे सेटिंगमधून. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट चालू केलं की तीच १० बिटची फाइलसुद्धा पट्टेदार. हे सेटिंग मधल्या काही पायऱ्या ताणून लांब करतं, नव्या पायऱ्या मात्र आणत नाही, मग दोन पायऱ्यांमध्ये खड्डा पडतो. कलर टेंपरेचर एकदम कूल किंवा व्हिव्हिड मोड ठेवला तरी थोडंफार हेच. सिनेमा मोड लावला, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद केलं, आणि आकाशाचा त्रास बराच कमी झाला.

सावल्यांचं मात्र सेटिंगने सुटत नाही. साध्या एसडीआर व्हिडिओत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो, त्यामुळे अंधारा सीन १६ ते ४० च्या दरम्यान कोंबलेला, म्हणजे जेमतेम २५ पायऱ्या. त्यावर स्ट्रीमिंगवाले बिटरेट वाचवायला अंधारातलाच तपशील आधी कापतात, कॅमेऱ्याचा जो बारीक रवा असतो (तो खरं तर पट्टे लपवतो) तो पुसला जातो आणि उरतात सपाट चौकोनी डाग. इथे खरं १० बिट पॅनल लावलं तरी ते आलेले डाग इमानेइतबारे दाखवेल, बस्स. ओळखायचं कसं: पट्ट्यांच्या कडा चौकोनी आणि सीन हलताना थरथरणाऱ्या असतील तर दोष कॉम्प्रेशनचा, आणि पॉज केल्यावर गुळगुळीत, लांब, एकसारख्या कडा असतील तर बिट कमी पडतायत. यूट्यूबवर "Stats for nerds" चालू करून कोडेक बघा, `vp09.00` असेल तर येणारा व्हिडिओच ८ बिट, `vp09.02` असेल तर १० बिट एचडीआर.

एचडीआरमध्ये १० बिट नुसतं चांगलं नाही, लागतंच. त्याची पीक्यू पद्धत शून्यापासून १०,००० निट्सपर्यंतचा उजेड त्याच पायऱ्यांत बसवते, त्यामुळे साखळीत कुठेही ८ बिट झालं की एसडीआरपेक्षा मोठे पट्टे येतात. टीव्हीला लावलेल्या माझ्या स्ट्रीमिंग स्टिकचं तेच झालं होतं. टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टचं सेटिंग स्टँडर्डवर होतं, ते एन्हान्स्डवर केलं आणि मग १० बिट सिग्नल जायला लागला. लॅपटॉप जोडणाऱ्यांनी लक्षात ठेवा, एचडीएमआय २.० वर ४के ६० हर्ट्झला आरजीबी १० बिट मावत नाही, रंगाचा तपशील थोडा कमी पाठवणारं ४:२:२ निवडावं लागतं.

शेवटचं एक सेटिंग, स्मूद ग्रेडेशन किंवा तत्सम नावाचं. हे सपाट भाग शोधून मधल्या पायऱ्या स्वतः भरतं. पोरांच्या कार्टूनला झकास, लो वर ठेवा. हाय केलं की चेहऱ्यावरची त्वचा मेणाची होते आणि क्रिकेटमध्ये आउटफिल्डचं गवत हिरव्या रंगाने सारवल्यासारखं दिसतं, मी जुने सिनेमे बघताना बंदच करतो.

दुकानात बघायला जात असाल तर दोन्ही फाइली पेनड्राइव्हवर घेऊन जा, तिथला डेमो लूप भरपूर बिटरेटचा असतो, त्यात काही दिसणार नाही. सिनेमा मोड लावायला सांगा आणि ramp10 लावा. त्यातही रुंद पट्टे दिसले तर टीव्ही आतल्या आत सगळं ८ बिट करतोय आणि एफआरसीसुद्धा धड नाहीये, तो घेऊ नका. सलग दिसला तर फक्त खऱ्या १० बिटसाठी आठ-दहा हजार जास्त मोजण्याची गरज मला तरी वाटत नाही, तेच पैसे लोकल डिमिंग किंवा जास्त ब्राइटनेसवाल्या मॉडेलला लावले असते.