नावे-जमा दोन रकाने ठेवावेत की एकच रक्कम? खातेवहीच्या फोटोवरून आकडे उतरवताना

सोलापुरात चाटी गल्लीत मामांचे चादरी आणि टॉवेलचे दुकान आहे. तिथल्या खातेवहीच्या पानांचे फोटो काढून ते आकडे मी एक्सेलमध्ये उतरवते. शेवटी हवा असतो एकच रकाना: माल दिला तर रक्कम अधिक, पैसे आले तर वजा. सगळ्यांची बेरीज केली की त्या गिऱ्हाइकाकडून किती येणे आहे ते समोर येते.

तिथवर जायचे तीन मार्ग आहेत. पहिला, दिलेल्या मालाचा नावे आणि आलेल्या पैशांचा जमा असे वहीतले दोन्ही रकाने फोटोत दिसतात तसे आधी उतरवायचे आणि तिसरा रकाना सूत्राने काढायचा. दुसरा, फोटो बघत बघतच चिन्ह लावून एका रकान्यात टाइप करत जायचे. तिसरा, वहीत प्रत्येक ओळीला बाकी लिहिलेली असेल तर आजच्या बाकीतून आधीच्या ओळीची बाकी वजा करायची, म्हणजे रक्कम चिन्हासकट मिळते.

दुसरा मार्ग सर्वांत जलद वाटतो आणि बहुतेक जण तोच धरतात. पाच-सात ओळींचे एकच पान असेल आणि वही लिहिणाराच टाइप करत असेल तर तो चालेल. त्यापुढे मी तो कोणालाही सुचवणार नाही. त्यात वाचणे आणि अर्थ लावणे ही दोन कामे एकाच क्षणी होतात. नंतर एखादा आकडा चुकीचा वाटला तर तो वाचताना चुकला की चिन्ह लावताना, हे कळायला जागाच उरत नाही.

अर्थ लावण्यात खरी अडचण आहे ती बाजूंची. शाळेत शिकवतात तशा खात्यात नावे डावीकडे आणि जमा उजवीकडे असते. जुन्या देशी नामे पद्धतीच्या वहीत याच्या उलट, जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे. मामांकडे जुने दिवाणजी होते तोवरची पाने देशी पद्धतीची आहेत, पुढे आलेल्या मुलाने लिहिलेली शाळेच्या पद्धतीची. मथळा मात्र वहीच्या पहिल्याच पानावर असतो, फोटो मधल्या पानाचा. म्हणून उतरवताना रकान्यांना ‘नावे’ आणि ‘जमा’ म्हणूच नये, ‘डावा’ आणि ‘उजवा’ म्हणावे. कोणती बाजू काय आहे ते मागाहून पावती पुस्तकातली एखादी नक्की पैसे आल्याची नोंद शोधून ठरवता येते. बाजू उलटी निघाली तर त्या पानांपुरते सूत्र बदलायचे, आकड्यांना हात लावायचा नाही. ही सोय फक्त पहिल्या मार्गात आहे.

देशी पद्धतीचे एक पान घेऊ. पंढरपूरच्या एका दुकानदाराचे खाते, एप्रिल महिना:

| तारीख | तपशील | डावा (जमा) | उजवा (नावे) | रक्कम |
|---|---|---|---|---|
| १ | मागील बाकी | | १८,४०० | १८,४०० |
| ३ | बिल | | १२,६०० | १२,६०० |
| ८ | रोख | १०,००० | | -१०,००० |
| १५ | बिल | | ९,४५० | ९,४५० |
| १९ | माल परत | १,३०० | | -१,३०० |
| २४ | चेक | १५,००० | | -१५,००० |
| २९ | बिल | | ७,२०० | ७,२०० |

डावा रकाना C आणि उजवा D असेल, तर पाचव्या रकान्यात एवढेच लिहायचे:

```
=D2-C2
```

रिकामा चौकोन शून्य धरला जातो, त्यामुळे वेगळी अट लागत नाही. बेरीज येते २१,३५०. वहीतली बाकीही तेवढीच आहे.

फोटोवरून आपोआप आकडे काढणारे साधन वापरले तर नेमकी इथे गडबड होते. पान शिवणीपाशी वळलेले असले की मधल्या रकान्यातला आकडा शेजारी सरकतो. समजा, १९ तारखेचे १,३०० नावेच्या बाजूला गेले. बेरीज २३,९५० होईल. फरक १,३०० चा नसून २,६०० चा आहे, कारण जी रक्कम वजा व्हायला हवी होती ती उलट मिळवली गेली. म्हणून फरक आला की आधी त्याची निम्मी रक्कम पानात शोधावी. ती सापडली तर बहुधा तीच ओळ बाजू बदलून बसलेली असते. फरकाला नऊने भाग जात असेल तर शेजारचे दोन अंक उलटे वाचले गेल्याचा संशय घ्यावा: ९,४५० च्या जागी ९,५४० पडले तर फरक ९० चा येतो.

दुसरा धोका गुपचूप येतो. वहीत रक्कम ‘१२६००/-’ अशी लिहिलेली असते आणि रिकाम्या जागी आडवी रेघ ओढलेली असते. ती चिन्हे तशीच आली की एक्सेल त्या चौकोनाला आकडा न मानता मजकूर मानते आणि सूत्र `#VALUE!` दाखवते. हे दिसायला वाईट असले तरी आपल्या भल्याचे आहे. ते लपवायला `IFERROR` किंवा `N` लावू नका, कारण मग बारा हजार सहाशेचे शून्य होते आणि कोणाला कळतही नाही. त्याऐवजी शेजारी हे लिहा:

```
=COUNT(C2:D2)
```

उत्तर प्रत्येक ओळीला १ यायला हवे. ० आले तर रक्कम मजकूर म्हणून बसली आहे किंवा सुटली आहे, २ आले तर दोन ओळी एकमेकींत मिसळल्या आहेत.

पानाच्या शेवटच्या ओळींचे काय करायचे तेही आधी ठरवा. खाते मिटवताना कमी असलेल्या बाजूला ‘बाकी पुढे २१,३५०’ लिहून दोन्ही बाजूंची बेरीज ४७,६५० दाखवलेली असते. ती बाकीची ओळ रकमेत धरली तर सगळ्या पानाचे उत्तर बरोबर शून्य येते. शून्य दिसले की हेच झाले असे समजा. उलट ती ओळ वगळली, पण पुढच्या पानाची ‘मागील बाकी’ धरली, तर तेच येणे दुसऱ्यांदा मोजले जाते. मी मागील बाकी फक्त पहिल्या पानाची घेते, बाकी पुढे आणि बेरजेच्या ओळी उतरवतच नाही. त्या बेरजा मात्र कागदावर टिपून ठेवते: उजव्या रकान्याची बेरीज ४७,६५० आणि डाव्याची, बाकी पुढेचे २१,३५० वजा जाता, २६,३०० आलीच पाहिजे. दोन रकाने शेवटपर्यंत जपायचे मोठे कारण हेच. एकाच रकान्यातून धन आणि ऋण आकडे वेगळे करून या बेरजा काढता येतात असे वाटते, पण दिवाणजींनी नावेच्याच बाजूला ‘वजा ५००, चूक दुरुस्ती’ लिहिले असेल तर ते पाचशे जमेत जाऊन बसतात आणि दोन्ही बेरजा वहीशी जुळत नाहीत.

बाकीवरून रक्कम काढायचा तिसरा मार्ग बँकेच्या पासबुकाला छान लागू पडतो, कारण तिथे ओळीओळीला छापील बाकी असते. दुकानाच्या वहीत बाकी बहुधा महिनाअखेरीलाच लिहितात. लिहिली असली तरी ती हाताने केलेली वजाबाकी असते. एका ओळीत ती चुकली की ती चूक रक्कम बनून आपल्या रकान्यात येते, आणि शेवटची बाकी जुळल्यासारखीच दिसते. तेव्हा बाकी असेल तर ती वेगळ्या रकान्यात उतरवून फक्त पडताळणीला वापरा. बाकीपुढचे ‘ना.’ किंवा ‘ज.’ हे अक्षरही टिपा, कारण गिऱ्हाइकाने आगाऊ पैसे दिले की बाकी बाजू बदलते.

चिन्हाची दिशा मथळ्यातच लिहावी: ‘रक्कम (नावे अधिक, जमा वजा)’. आमच्या हिशेबनिसांना पासबुकासारखे, पैसे आले की अधिक असे हवे असते. त्यांच्यासाठी मी पाचव्या रकान्याला धक्का न लावता वेगळ्या रकान्यात `=-E2` घालून फक्त तो रकाना पाठवते, आणि त्याच्या मथळ्यात दिशा उलटी लिहिते.