दोन चॅनेलना एकच एफएफटी की दोन? माझा कल कुठे आणि का

दोन रिअल सिग्नल आहेत आणि दोघांचाही स्पेक्ट्रम हवा आहे. एक वाट अशी: `x` रिअल भागात भरा, `y` इमॅजिनरी भागात, एकच कॉम्प्लेक्स एफएफटी चालवा आणि सिमेट्रीच्या आधारे दोघांना सोडवून घ्या. दुसरी वाट म्हणजे प्रत्येकाला स्वतंत्र रिअल एफएफटी, म्हणजे `rfft`. मी पहिली वाट बरीच वर्षं मनापासून वापरली. आता तिच्याकडे क्वचितच वळतो.

सोडवणूक मात्र देखणी आहे, हे मान्य. `x` = 1, 2, 3, 4 आणि `y` = 1, 0, −1, 0 घ्या. एकत्र एफएफटी केली की `Z` येतो 10, −2+4j, −2, −2. पहिल्या बिनसाठी `Z[1]` आणि `Z[3]` चा कॉन्जुगेट अशी जोडी घ्यायची. बेरजेचं अर्ध −2+2j, हा `X[1]`. वजाबाकीला 2j ने भागलं की 2, हा `Y[1]`. बस्स.

```python
Zr = np.conj(np.roll(Z[::-1], 1))
X = (Z + Zr) / 2
Y = (Z - Zr) / 2j
```

ते `np.roll` विसरलात तर सगळ्या जोड्या एक घर सरकतात. शून्याव्या बिनचा जोडीदार तो स्वतःच असतो, त्याला शेवटच्या बिनशी बांधायचं नाही. इथे मीही एकदा अर्धा दिवस घालवला आहे.

वेगाबद्दल फार चर्चा होते, पण मला त्यात विशेष काही दिसत नाही. 1024 बिंदूंच्या एका कॉम्प्लेक्स रॅडिक्स-2 एफएफटीत 10 पायऱ्या, प्रत्येकीत 512 बटरफ्लाय, म्हणजे 5120. नेहमीच्या पद्धतीची `rfft` आतून 512 बिंदूंची कॉम्प्लेक्स एफएफटीच करते. दोन चॅनेलचे मिळून 4608 बटरफ्लाय, वर शेवटच्या जुळवणीचा खर्च. हिशेब जवळपास तिथेच येऊन बसतो. फायदा दिसतो तो दोन पूर्ण कॉम्प्लेक्स एफएफटींशी तुलना केली तर, आणि तशी तुलना आज कशाला करायची?

माझं मन फिरलं ते वेगळ्याच कारणाने. एक सेन्सर मोटरवर होता, दुसरा पायाजवळ. पहिल्याचा सिग्नल दुसऱ्याच्या साधारण शंभरपट. गणित 16 बिट फिक्स्ड पॉइंटमध्ये. शांत चॅनेलच्या स्पेक्ट्रममध्ये एक छोटं शिखर दिसायचं, नेमकं मोटरच्याच बिनवर. आधी वायरिंगवर संशय घेतला, मग एडीसीवर. शेवटी साठवलेले तेच नमुने वेगवेगळ्या `rfft` मधून काढले, तर शिखर गायब! म्हणजे गळती माझ्याच गणितात होती.

कारण उघडं आहे. सोडवणूक टिकून आहे ती अचूक सिमेट्रीवर, आणि पूर्णांकांना ती पाळता येत नाही. दर पायरीला निम्मं करताना उजवीकडे शिफ्ट केलं की +3 चा होतो 1, पण −3 चा होतो −2. एकमेकांचे कॉन्जुगेट असायला हवेत ते दोन आकडे आता तसे राहिले नाहीत, आणि मोठ्या चॅनेलची ही उरलीसुरली चूक थेट लहान चॅनेलच्या पदरात पडते. `float32` मध्ये हे इतकं बोचत नाही, पण चूक तिथेही मोठ्या सिग्नलच्या मापानेच होते. शिवाय एका चॅनेलमध्ये एखादा `NaN` शिरला की दुसऱ्याचाही सगळा स्पेक्ट्रम `NaN`.

उपाय नाही असं नाही. शिफ्ट करताना नीट राउंडिंग केलं तर गळती कमी होते. `y` ला आधी दोनाच्या घाताने मोठा करून भरा आणि नंतर तेवढाच लहान करा. दोघांची पातळी जुळली की तक्रार बरीचशी मिटते. पण पातळी ब्लॉकगणिक बदलत असेल तर तो घात कुठेतरी जपून ठेवावा लागतो, आणि मला तो व्याप नकोसा झाला. तुमचे दोन्ही चॅनेल जुळ्यासारखे असतील, किंवा हार्डवेअर फक्त कॉम्प्लेक्स एफएफटीच देत असेल, तर तुमचं मत कदाचित माझ्यापेक्षा वेगळं पडेल.

एका कामासाठी मात्र मी अजूनही एकत्रच करतो. दोन्ही चॅनेल एकाच रिअल फिल्टरमधून काढायचे असतील तर सोडवणुकीची गरजच नसते. `Z` ला `H` ने गुणा, उलट एफएफटी करा. रिअल भागात गाळलेला `x`, इमॅजिनरी भागात गाळलेला `y`. फिल्टरची शेपटी मावेल एवढी शून्यं तेवढी आधी जोडा. पातळीत फार फरक असेल तर सावली इथेही पडते, पण फिल्टरिंगच्या कामात मला ती कधी आडवी आली नाही.

स्पेक्ट्रमच हवा असेल तर निवडीआधी एक करून पाहा: `y` जागी सगळी शून्यं भरा, `x` मध्ये तुमचा खरा, दणदणीत सिग्नल, आणि `Y` मध्ये काय उरतं ते बघा. तुमच्या शांत चॅनेलमधली सगळ्यात लहान कामाची रेघ त्या उरलेल्याच्या बरीच वर असेल तर एकत्र करायला हरकत नाही. माझी नव्हती.