निफ्टीचा व्होलॅटिलिटी स्माइल पायथनमध्ये काढताना: सात महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेले सात महिने मी रोज दुपारी निफ्टीच्या ऑप्शन चेनमधून प्रत्येक स्ट्राइकची इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, म्हणजे आयव्ही, काढून तिचा आलेख, म्हणजे स्माइल, पाहतो. चेनचा डेटा एका विक्रेत्याकडून वार्षिक वर्गणी भरून घेतो आणि गणिताची स्क्रिप्ट मी स्वतः लिहिलेली आहे. दुसऱ्या महिन्यात मी या विक्रेत्याविरुद्ध कडक भाषेत तक्रार केली होती आणि पैसे परत मागितले होते. त्यातील अर्धी तक्रार चुकीची होती. ती कोणती आणि कोणती अर्धी बरोबर होती, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

तक्रार अशी होती की एकाच स्ट्राइकच्या कॉलची आणि पुटची आयव्ही जुळत नाही. निफ्टीचे ऑप्शन युरोपियन पद्धतीचे असल्यामुळे पुट-कॉल पॅरिटीनुसार दोन्हींची आयव्ही एकच यायला हवी. माझ्या आलेखात मात्र कॉलची रेषा वर आणि पुटची खाली, असे दोन वेगळे स्माइल रोज दिसत होते. पुटचे भाव जुने येतात, अशी माझी खात्री झाली होती. तीन पत्रांनंतर विक्रेत्याच्या तांत्रिक विभागातील एका गृहस्थांनी एवढेच विचारले, "साहेब, आपण फॉरवर्ड कुठून घेता?" फॉरवर्ड म्हणजे एक्स्पायरीच्या दिवसासाठी बाजार आज धरत असलेला निफ्टीचा भाव, आणि मी तो घेतच नव्हतो. स्पॉट घेऊन त्यावर साडेसहा टक्के व्याज चढवत होतो.

त्या दिवशीची चेन पुन्हा उघडली. स्पॉट २४,००० होता आणि एक्स्पायरीला १४ दिवस होते, म्हणजे माझ्या हिशेबाने फॉरवर्ड सुमारे २४,०६० येत होता. परंतु २४,०५० च्या कॉलचा भाव २६१.४० आणि पुटचा २२६.५० होता. फरक ३४.९०. हा फरक स्ट्राइकमध्ये मिळवला की बाजाराचा स्वतःचा फॉरवर्ड २४,०८५ निघतो. मी पंचवीस अंकांनी कमी होतो, आणि एवढी चूक पुरेशी होती. या स्ट्राइकला आयव्ही १३ वरून १४ टक्के झाली तर भाव सुमारे १९ रुपयांनी बदलतो. म्हणून २५ अंकांच्या चुकीने कॉल आणि पुट यांच्यात सुमारे १.३ टक्क्यांची दरी पडते: खरी आयव्ही १३ असताना कॉल १३.७ दाखवतो आणि पुट १२.३५ च्या आसपास. जसजसे दूरच्या स्ट्राइककडे जावे तसतसा आयव्हीचा भावावरील परिणाम घटतो, त्यामुळे तीच चूक २३,५०० वर दोन टक्क्यांची होते. बाजूला जाताना दोन्ही रेषा एकमेकींपासून फाकत असतील, तर भावांवर संशय घेण्याआधी फॉरवर्ड तपासावा.

आता मी फॉरवर्ड चेनमधूनच काढतो आणि ब्लॅक यांचे १९७६ चे फॉरवर्डवरील सूत्र वापरतो:

```python
near = df[(df.strike - spot).abs() <= 200]
c = (near.c_bid + near.c_ask) / 2
p = (near.p_bid + near.p_ask) / 2
F = (near.strike + (c - p) / D).median()
```

`D` म्हणजे एक्स्पायरीपर्यंतचा डिस्काउंट, येथे सुमारे ०.९९७५. व्याजदर थोडा चुकला तरी येथे काही बिघडत नाही, कारण कॉल-पुटमधील फरकच लहान असतो. मध्यक घेतल्यामुळे एखादा बिघडलेला भाव फॉरवर्डला ओढत नाही. हा बदल करताच दोन रेषा एक झाल्या. मी त्या गृहस्थांना दिलगिरीचे पत्र लिहिले.

तक्रारीचा उरलेला भाग मात्र मी आजही मागे घेतलेला नाही. या विक्रेत्याच्या स्वस्त योजनेत फक्त शेवटच्या व्यवहाराचा भाव, म्हणजे एलटीपी मिळतो. बिड आणि आस्क हवे असतील तर जवळजवळ दुप्पट वर्गणी भरावी लागते. काटकसर म्हणून मी स्वस्त योजना घेतली आणि चार महिने आयव्हीचा असा आलेख पाहत राहिलो, ज्याच्या कडेचे बिंदू कोणत्या वेळचे आहेत हेच कळत नव्हते. त्याच चेनमध्ये २२,५०० च्या कॉलचा एलटीपी १,५१० होता, तर त्याचे फॉरवर्डवरून काढलेले अंगभूत मूल्य १,५८१. अंगभूत मूल्याहून कमी भावाला आयव्ही असूच शकत नाही. आयव्ही शोधण्यासाठी वापरलेले SciPy चे `brentq` अशा वेळी `f(a) and f(b) must have different signs` म्हणून थांबते, आणि तेच योग्य आहे. मी मात्र सुरुवातीला ती त्रुटी गिळून शून्य भरत होतो, म्हणून स्माइलला खाली लोंबणारे धागे दिसायचे. आता अशी किंमत गणितात जाण्याआधीच अडवतो:

```python
def iv(price, F, K, T, D, cp):
    if price <= D * max(cp * (F - K), 0.0):
        return np.nan
    f = lambda s: black(F, K, T, s, D, cp) - price
    return brentq(f, 1e-4, 3.0)
```

येथे `cp` कॉलसाठी १ आणि पुटसाठी -१ आहे.

पाचव्या महिन्यात महाग योजना घेतली, आणि माझे मत बदलले ते एका छोट्या गोष्टीने. प्रत्येक स्ट्राइकला मधल्या भावाचा एक ठिपका काढण्याऐवजी मी बिडची आयव्ही आणि आस्कची आयव्ही यांना जोडणारी उभी रेघ `vlines` ने काढू लागलो. ठिपका दिसतो नेमका, पण त्या नेमकेपणाला आधार किती, ते रेघ दाखवते. त्याच २२,५०० च्या कॉलला बिड १,५६५ आणि आस्क १,६१५ होता. म्हणजे बिडला आयव्हीच नाही आणि आस्कला भरमसाट. येथे आयव्हीच्या एका टक्क्याला अवघे तीन रुपये असताना पन्नास रुपयांच्या अंतरातून काय वाचणार? त्याच स्ट्राइकचा पुट आठ रुपयांच्या आसपास, अगदी अरुंद अंतराने उपलब्ध होता. म्हणून फॉरवर्डच्या खाली पुट आणि वर कॉल, एवढेच घ्यावे, आणि इन-द-मनी बाजू आलेखातून काढून टाकावी.

खरा वाईट भाव कसा ओळखायचा, याचे उदाहरण २२,८५० चा पुट आहे. पन्नासाच्या पटीतील दूरच्या स्ट्राइकवर शंभराच्या पटीतल्यांपेक्षा व्यवहार कमी होतात. २२,८०० चा पुट १८ ला आणि २२,९०० चा २२ ला असताना मधल्याचा एलटीपी ३१ होता, आणि स्माइलवर सुमारे दोन टक्क्यांचा सुळका उभा राहिला होता. खालच्या स्ट्राइकचा पुट वरच्याहून महाग असू शकत नाही, तेव्हा ३१ हा भाव सरळ अशक्य होता. बिड १९.४० आणि आस्क २०.४० पाहिल्यावर सुळका नाहीसा झाला, म्हणजे तो जुन्या व्यवहाराचा अवशेष होता. सुळका इतका ठळक नसेल तर मी दुसरी कसोटी लावतो: मधल्या स्ट्राइकचा बिड शेजारच्या दोन आस्कच्या सरासरीहून जास्त आहे का? तसे असेल तरच भाव वाईट ठरवतो. मधल्या भावांवर हीच कसोटी लावली तर बिड-आस्कच्या अंतरापुरती किरकोळ खोटी सूचना सतत येत राहते.

मुदत मोजताना वार गृहीत धरू नये, एक्स्पायरीची तारीख चेनमधूनच घ्यावी. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी गुरुवारऐवजी मंगळवारी झाली, तेव्हा माझ्या स्क्रिप्टने दोन दिवसांची चूक केली. अशी चूक स्माइलचा आकार न बिघडवता सगळा आलेख वरखाली करते, म्हणून लवकर लक्षात येत नाही.

ज्या दूरच्या पुटला बिडच नसतो आणि फक्त आस्क असतो, तेथे रेघेला खालचे टोक नसते. सध्या मी तेथे पोकळ वर्तुळ काढतो आणि वक्र बसवताना तो बिंदू सोडून देतो. वर्गणीचे नूतनीकरण मी करणार आहे, पण महाग योजनेचेच.