दागिन्यांचा विमा: ठरलेली किंमत, बाजारभाव की ठरावीक मर्यादा?

माझ्या विट्याच्या वहिनी गेल्या महिन्यात सांगलीला आल्या, तेव्हा पर्समधून दोन कागद काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवले. एक होता 2021 चा मूल्यांकनाचा दाखला आणि दुसरी त्यावरच काढलेली पॉलिसी. दोन्हीवर आकडा एकच होता, 11,25,000 रुपये. "दरवर्षी न चुकता हप्ता भरतोय हो, पण परवा सराफाकडे दर ऐकला आणि झोप उडाली," त्या म्हणाल्या.

विम्याच्या दाव्यांची कागदपत्रं तयार करण्याचं काम मी बरीच वर्षं करते. जुन्या आकड्याच्या पॉलिसीवर दावा आला तर हाती किती येणार, हा प्रश्न सोनं महागल्यापासून माझ्याकडे वरचेवर येतो. बाजारात दागिन्यांचा विमा मुख्यतः तीन पद्धतींनी मिळतो आणि दावा आला की तिन्हींचा हिशेब वेगवेगळा निघतो. वहिनींचेच आकडे घेऊन तो मांडते.

त्यांच्याकडे 22 कॅरेटचं निव्वळ 250 ग्रॅम, म्हणजे 25 तोळे सोनं आहे. त्यातलं 15 तोळे एरवी बँकेच्या लॉकरमध्ये असतं आणि 10 तोळे घरी. पॉलिसी या सगळ्या 25 तोळ्यांची आहे. 2021 मध्ये ग्रॅमला 4,500 रुपये धरून सव्वाअकरा लाख आले. एप्रिल 2025 मध्ये शुद्ध सोन्याने दहा ग्रॅमला लाखाचा टप्पा गाठला. त्या मानाने 22 कॅरेटचा दर ग्रॅमला 9,000 धरला, तरी तेच सोनं 22,50,000 रुपयांचं होतं. तुम्ही वाचाल त्या दिवशी दर याहून वर असेल, तर तफावत आणखी मोठी असेल. आता धरून चाला की लग्नाला गावी गेले असताना कुलूप तोडून घरातलं 10 तोळे सोनं गेलं. नुकसान झालं 9 लाखांचं.

पहिली पद्धत ठरलेल्या किमतीची. प्रत्येक दागिना यादीत वजनासह लिहिलेला असतो, त्यापुढे किंमत असते आणि दागिना गेला की तीच किंमत हातात पडते. त्या दिवशीच्या दरावरून वाद होत नाही. पण वहिनींच्या यादीतल्या 10 तोळ्यांपुढे 4,50,000 लिहिलेत, तेवढेच मिळतील.

दुसरी पद्धत बाजारभावाची. नुकसान तपासायला आलेला सर्व्हेअर त्या नुकसानीच्या दिवशीच्या दराने मोजतो. हे ऐकायला बरं वाटतं, पण अशा पॉलिसीत बहुधा सरासरीचं कलम असतं. विमा काढलेली रक्कम ही मालाच्या खऱ्या किमतीच्या जितकी टक्के, तितके टक्केच भरपाई मिळते. साडेबावीस लाखांच्या सोन्यावर सव्वाअकरा लाखांचा विमा म्हणजे 50 टक्के. 9 लाखांच्या नुकसानीवर मिळणार 4,50,000. अनेकांना वाटतं की नुकसान विम्याच्या रकमेच्या आत आहे, म्हणजे पूर्ण पैसे येणार. खरी वादावादी इथेच होते.

आकडा जुना राहिला तर दोन्ही पद्धतींनी निम्मंच हाती येतं, हे तुमच्या लक्षात आलं असेल. फरक दिसतो तो एखादा दागिना सांगायचा राहून जातो तेव्हा. समजा सुनेच्या माहेरच्या पाच तोळ्यांच्या बांगड्या कोणाला सांगितल्याच नाहीत. ठरलेल्या किमतीच्या पॉलिसीत त्या बांगड्यांना काही मिळणार नाही, पण यादीतल्या बाकीच्या डागांना धक्का लागत नाही. बाजारभावाच्या पॉलिसीत मात्र सर्व्हेअर घरातलं सगळं सोनं मोजतो, त्यामुळे न सांगितलेल्या बांगड्या सांगितलेल्या पाटल्यांचीही भरपाई खाली ओढतात. एकत्र कुटुंबात हा धोका मोठा आहे, कारण कोणाचं किती आहे हे आपण एकमेकांनाही धड सांगत नाही.

तिसरी पद्धत ठरावीक मर्यादेची. एकूण सोनं किती ते सांगायचं आणि एका वेळी जास्तीत जास्त जेवढं जाऊ शकतं तेवढ्याच रकमेचा विमा घ्यायचा. एकूण साडेबावीस लाख सांगून 10 लाखांची मर्यादा घेतली असती, तर वहिनींना पूर्ण 9 लाख मिळाले असते. अट एवढीच की एकूण आकडा खरा हवा. तो सव्वाअकरा लाखच सांगितला असेल तर इथेही कात्री लागते. घरफोडीच्या विम्यात ही पद्धत आहे, पण घरगुती दागिन्यांसाठी सगळ्याच कंपन्या देत नाहीत. विचारावं लागतं, आणि "एकूण किमतीच्या प्रमाणात कपात होईल का" याचं उत्तर लेखी घ्यावं लागतं.

भारत गृह रक्षा ही घराची प्रमाणित पॉलिसी अनेकांकडे असते, तेव्हा तिच्याबद्दल वेगळं सांगते. 1 एप्रिल 2021 पासून ती आली. तीत दागिने आपोआप येत नाहीत, मौल्यवान वस्तूंचं वेगळं संरक्षण मागून घ्यावं लागतं आणि ते ठरलेल्या किमतीवर मिळतं. एकूण रक्कम 5 लाखांच्या आत आणि एक डाग 1 लाखाच्या आत असेल तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही. आजच्या दराने दीड तोळ्याचा डागसुद्धा त्या लाखाच्या पलीकडे जातो. मूळ पॉलिसीत चोरी धरली जाते ती फक्त आग, पूर अशा विमा असलेल्या घटनेमुळे आणि घटनेनंतर 7 दिवसांच्या आत झालेली. 2019 च्या महापुरात आपण घरं तशीच टाकून बाहेर पडलो होतो. तशा वेळची चोरी यात बसते, लग्नाला गेल्यावरची घरफोडी बसत नाही. तिच्यासाठी घरफोडीचा किंवा दागिन्यांचा वेगळा विमा पाहिजे.

लॉकरमध्ये आहे म्हणून विमा नको, असंही म्हणतात. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक झाली तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या 100 पटींपर्यंत असते. भाडं 2,000 असेल तर 2 लाख. पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीची जबाबदारी बँकेवर नाही, तिचा हलगर्जीपणा असेल ती गोष्ट वेगळी.

आता आकडा कसा काढायचा ते. माझे सासरे दक्षिणेत गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात होते, त्यामुळे आमच्याकडे दागिना हातात घेतला की आधी "निव्वळ किती?" हा प्रश्न येतो. वहिनींची ठुशी, साज, गोठ, पाटल्या, बांगड्या आणि साखळ्या गुलाबी कागदातून काढून काट्यावर ठेवल्या, तर सगळं मिळून 262 ग्रॅम भरलं. गोठांत आणि साजाच्या पानांत लाख भरलेली असते, शिवाय ठुशीतले खडे. ते 12 ग्रॅम वजा करून 250 राहिले. जुन्या डागांना हॉलमार्क नव्हता, म्हणून कॅरेटोमीटरवर कस पाहिला. तो 22 कॅरेटच निघाला, हे नशीब. आजेसासूबाईंच्या काळच्या दागिन्यांत झाळणामुळे कस कमी निघताना मी पाहिला आहे. दाखल्यावर ठोक वजन, निव्वळ वजन आणि कस हे तिन्ही वेगवेगळे लिहून घ्या. नुसती किंमत लिहिलेला दाखला वर्षभरात जुना होतो, वजनाचा होत नाही.

निव्वळ वजनाला आजच्या दराने गुणायचं आणि वर वर्षभराच्या वाढीची जागा ठेवायची. मी चौथा हिस्सा ठेवते. साडेबावीस लाखांवर तो धरला की अठ्ठावीस लाख होतात, म्हणजे दर ग्रॅमला 11,200 पर्यंत गेला तरी कात्री लागणार नाही. बाजारभावाच्या पॉलिसीत याहून फार जास्त आकडा लावण्यात अर्थ नाही, कारण नुकसानीपेक्षा जास्त कोणी देत नाही, हप्ता मात्र जास्त जातो. मधेच दर उसळला तर नूतनीकरणाची वाट बघू नका. उरलेल्या महिन्यांच्या हप्त्याचा फरक भरून रक्कम वाढवणारी पुरवणी पॉलिसीला घेता येते.

घडणावळ बहुतेक दाव्यांत मिळत नाही, पॉलिसीत किंवा ठरलेल्या किमतीत धरली असेल तरच मिळते. साजासारख्या डागाची घडणावळ बरीच असते, म्हणून अशा डागांना ठरलेली किंमतच बरी.

चोरी झाल्यावर आधी पोलिसांत आणि त्याच दिवशी कंपनीला कळवायचं. फिर्यादीत प्रत्येक डागाचं नाव आणि वजन यायला हवं. एका कुटुंबाने घाबरून "सोन्याचे दागिने, अंदाजे 3 लाख" एवढंच लिहिलं होतं. पुढे पावत्यांवरून 8 लाखांचा दावा मांडला, तेव्हा सर्व्हेअरने पहिलं बोट फिर्यादीवर ठेवलं. पुरवणी जबाब देऊन ते निस्तरलं, पण त्यात सात महिने गेले. घर आवरू नका. तुटलेली कडी, उचकटलेलं कपाट हाच घरफोडीचा पुरावा असतो. कुठे हरवलं ते सांगता येत नाही किंवा घरातल्याच माणसाने नेलं, असे दावे साधारणपणे नाकारले जातात. पावती नसेल तर लग्नातले फोटो चालतात, त्यांत डाग स्पष्ट दिसायला हवा. चोर सापडला नाही तर "गुन्हा खरा, पण उघडकीस आला नाही" असा पोलिसांचा अंतिम अहवाल कंपनी मागते, त्यालाही वेळ लागतो. दावा मिळाल्यावर मुद्देमाल सापडला तर त्यावर हक्क कंपनीचा असतो. पैसे परत करून तो घेता येईल का, हे दाव्याची रक्कम स्वीकारतानाच लिहून घ्या.

भरपाई कमी वाटली तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं. तिथे 50 लाखांपर्यंतचे वाद चालतात आणि वकील लागत नाही.

वहिनींनी शेवटी असं केलं. साज, ठुशी आणि गोठ ठरलेल्या किमतीवर, घडणावळीसकट आणि दरवर्षी नव्या दराने. बाकीच्या बांगड्या, साखळ्या, पाटल्या बाजारभावाच्या पॉलिसीत, चौथा हिस्सा वाढवून. मर्यादेची पॉलिसी त्यांच्या कंपनीकडे नव्हती, नाहीतर मी तीच सुचवली असती. पुरवणीसाठी अर्ज लिहिताना त्यांनी सुनेला फोन लावला आणि विचारलं, "तुझ्या माहेरच्या बांगड्या किती वजनाच्या गं? इथे लिहायच्यात."